आधी तळटीप, मग गाडी

अकोला स्टेशनच्या बाहेर माझं तिकिटं काढून देण्याचं दुकान होतं. रेल्वेचा परवाना, भिंतीवर देशाचा नकाशा, टेबलावर वेळापत्रकांची चळत आणि समोर एक बाकडं. थेट गाडीच्या तिकिटाला फारसं डोकं लागत नसे. माझा वेळ खायचे ते मधे गाडी बदलून जाणारे. कुणी अमरावतीहून चंद्रपूरला, कुणी वाशिमहून कोकणात, कुणी शेगावहून पंढरपूरला. असा माणूस बाकड्यावर टेकला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी किती वाजता हाय?" आणि मी वेळेच्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघायचो.

छापील वेळ सहसा बरोबरच असते. पण ती कधी आपल्या वाराची नसते, कधी आपल्या स्टेशनाची नसते, कधी आपल्या मोसमाची नसते. ठळक आकडा कुणासाठी आहे हे त्याच्या डोक्यावरच्या वारांत आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात लिहिलेलं असतं. माणसं ठळक वाचतात आणि उठतात. थेट गाडीत एखादी खूण वाचायची राहिली तर फार तर गाडी चुकते, माणूस घरी परत येतो. बदलाच्या प्रवासात तो परक्या गावी, रात्रीच्या वेळी, सामानासकट अडकतो.

हे मला शिकवलं चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या एका जुन्या साहेबांनी. निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसत. नवं वेळापत्रक हातात आलं की ते आधी खुणांचा खुलासा असलेलं पान काढत, कारण खुणा पुस्तकागणिक बदलतात. सगळ्या रेल्वेचं 'ट्रेन्स ॲट अ ग्लान्स' वेगळं, आपल्या विभागाचं पुस्तक वेगळं, मुंबईच्या लोकलचं आणखी वेगळं. एका पुस्तकातली चांदणी 'रविवारी नाही' असं सांगते, दुसऱ्यातली चांदणी भलतंच काही. कोऱ्या घराचंही तेच. वेळेच्या जागी ठिपके आहेत, रेघ आहे की काहीच नाही, यावरून गाडी तिथून न थांबता जाते की त्या वाटेलाच जात नाही हे कळतं. बदलाचं स्टेशन शोधणाऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा.

दुसरी त्यांची सवय पट्टीची. शाळेतली लाकडी फूटपट्टी ते गाडीच्या रकान्याला उभी लावत आणि स्टेशनामागून स्टेशन खाली उतरत. परतीच्या गाड्या ज्या तक्त्यात खालून वर वाचायच्या असतात तिथे पट्टी तळाला लावून वर चढत. शेजारच्या रकान्यात नजर घसरणं ही दिसायला किरकोळ गोष्ट, पण एका गाडीचे वार आणि दुसरीची वेळ अशी खिचडी होते ती याच घसरण्यातून. मोठ्या जंक्शनला येण्याची आणि सुटण्याची अशा दोन वेळा छापतात, छोट्या स्टेशनाला बहुधा सुटण्याचीच. तिथे उतरणाऱ्याला एखाद-दोन मिनिटांचा फरक पडतो, तो सोडून द्यायचा.

सर्वांत जास्त घोळ वारांचा. छापील पुस्तकात गाडीच्या डोक्यावर जे वार असतात ते गाडी जिथून निघते तिथले. अकोल्यासारख्या मधल्या स्टेशनाला हे सतत नडतं. हावड्याकडून येणारी गाडी आपल्याकडे पोचेपर्यंत एक अहोरात्र उलटलेली असते. "भाऊ, इथं तर बुधवार लिहेल हाय," असं बोट ठेवून सांगणारे बाकड्यावर कितीतरी आले. बुधवार लिहिलेला असतो तो हावड्याचा. अकोल्यात तीच गाडी गुरुवारी येते आणि ठाण्याला पोचेपर्यंत शुक्रवारची पहाट होते. एका गाडीला तीन गावांत तीन वार. साहेबांची रीत अशी की रकान्यात वरून खाली येताना जिथे घड्याळ 23 वरून 00 वर जातं तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारायची. मग आपल्या स्टेशनापर्यंत किती रेघा ओलांडल्या ते मोजायचं आणि डोक्यावरचे वार तितके पुढे सरकवायचे. रोज धावणाऱ्या गाडीला याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा-तीनदा येणाऱ्या गाडीला मात्र हे केल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नसे, कारण पहिल्या गाडीचा वार एकाने हलला की पुढे जोडलेलं सगळंच हलतं.

याच्याच पोटात मध्यरात्रीची भानगड. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस कितीतरी वर्षं 00.05 ला सुटते. बोलताना आपण तिला आदल्या रात्रीची गाडी म्हणतो. गुरुवारी रात्री जेवून निघालो, असं सांगतो. तिकिटावर मात्र शुक्रवारची तारीख हवी. गुरुवारची तारीख घातली तर ती गाडी बुधवारची रात्र संपल्या संपल्या निघून गेलेली असते, आणि आपण गुरुवारी रात्री फलाटावर पोचतो तेव्हा आपल्या बर्थवर दुसराच कुणीतरी चादर अंथरत असतो. अशा तिकिटावर मी तारखेखाली रेघ मारून 'गुरुवारी रात्री 11 पर्यंत दादर' असं साध्या भाषेत लिहून द्यायचो. छापलेल्या तारखेपेक्षा लोक ते लिहिलेलं जास्त वाचत.

स्टेशनाच्या नावाची गोष्ट आमच्या भागात वर्ध्याला समजते. अकोला-बडनेऱ्याकडून नागपूरला जाणाऱ्या गाड्या वर्ध्याला थांबतात. नागपूरहून चंद्रपूर-बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामला थांबतात. सेवाग्राम म्हणजे पूर्वीचं वर्धा पूर्व. गावाच्या हिशेबाने दोन्ही वर्धाच, पण स्टेशनं दोन, आणि मधलं अंतर पायी पिशव्या घेऊन जाण्याचं नव्हे, रिक्षाचं. अमरावतीच्या एका बाईंना मुलीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरला जायचं होतं. त्यांनी घरी बसून हिशेब केला होता की वर्ध्याला गाडी येते आणि पाऊण तासाने चंद्रपूरची गाडी सुटते. पुस्तकात दोन्ही वेळा खऱ्या होत्या. पहिली होती वर्ध्याची, दुसरी सेवाग्रामची. मी त्यांना दोन्हीकडे थांबणारी हळू गाडी शोधून दिली. ती तासभर आधी निघत होती, पण बदल एकाच स्टेशनावर होता. दौंडलाही आता असंच झालं आहे. मनमाड-पुणे मार्गावरच्या गाड्यांना दौंडला इंजिन फिरवावं लागायचं, ते टाळायला जोडमार्ग घातला आणि त्यावर 'दौंड कॉर्ड लाइन' नावाचं निराळं स्टेशन झालं. सोलापूरकडची गाडी मिळते ती मुख्य दौंडला. अशा जागी नावापेक्षा स्टेशनाचा कोड बघावा. वर्ध्याचा WR, सेवाग्रामचा SEGM. पहिल्या तिकिटावर उतरण्याचा आणि दुसऱ्यावर चढण्याचा कोड एकच असेल तरच तो एका स्टेशनावरचा बदल.

या सगळ्या खुणा एकाच प्रवासात भेटल्या तो प्रवास मी अजून विसरलेलो नाही. आमच्याकडच्या एका मुलीला राजापूर तालुक्यातल्या एका गावात शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. शुक्रवारी 13 जूनला सकाळी शाळेत हजर व्हायचं होतं, म्हणजे गुरुवारी 12 तारखेला गावात पोचणं भाग होतं. बरोबर वडील. दोघांनीही कोकण पाहिलेलं नव्हतं. वडील वही घेऊन आले होते आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं: बुधवारी संध्याकाळी अकोल्याहून गाडी, गुरुवारी पहाटे ठाणे, तिथून सकाळची कोकणची गाडी, दुपारी अडीचच्या सुमारास राजापूर रोड, साडेतीनची एसटी, दिवेलागणीच्या आत गाव.

मी वही शेवटच्या ओळीकडून वाचायला घेतली. बदलाचा प्रवास मी नेहमी उलट्या टोकानेच आखतो. शेवटच्या गावात जाणारी शेवटची बस कोणती हे आधी बघायचं आणि तिथून एकेक पाऊल मागे यायचं. मोठ्या स्टेशनातून दिवसभरात दहा गाड्या निघतात, खेड्याकडे दोन बस जातात. बांधून घालणारी गोष्ट शेवटाला असते, म्हणून सुरुवात तिथून.

त्या गावच्या बसची माहिती वडिलांनी मुख्याध्यापकांना फोन करून घेतली होती. दुपारनंतर तीन बस. साडेतीनची, पाचची आणि सातची. फोनवर वेळा कळतात, फलकावरच्या खुणा कळत नाहीत. म्हणून मी त्यांना दुकानातूनच पुन्हा फोन लावायला सांगितला आणि शाळेच्या शिपायाला स्टँडवर जाऊन फलक शब्दन् शब्द वाचायला लावला. एसटीच्या फलकावर रंगाने लिहिलेल्या अशा ओळी असतात: 'मार्गे' अमुक, 'रविवार बंद', 'शाळेच्या दिवशीच', 'वस्ती'. त्यातली प्रत्येक ओळ प्रवास उलटा करू शकते. शिपायाने वाचून सांगितलं ते असं. साडेतीनची रोज. पाचच्या पुढे 'शाळेच्या दिवशीच'. सातची वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून सकाळी परतणारी, पण ती दुसऱ्या वाटेने जाते आणि आपल्या गावच्या फाट्यावर सोडते.

आता शाळेचा दिवस. कोकणात आणि उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीला उघडतात, म्हणून वडिलांच्या डोक्यात शाळा म्हणजे महिनाअखेर. मुलीला बोलावलं होतं ते शाळा उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी, तयारीसाठी. म्हणजे 12 तारखेला कोकणातही शाळेचा दिवस नव्हता, आणि पाचची बस निघणारच नव्हती. शाळेत नोकरीला निघालेल्या मुलीला शाळेचीच बस मिळणार नव्हती.

राहिली साडेतीनची. ती गाठायची तर गाडी राजापूर रोडला अडीचला यायला हवी. नावातला 'रोड' इथे लक्षात घ्यायचा. कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशी कितीतरी स्टेशनं आहेत आणि गाव तिथून लांब असतं. राजापूर रोडला उतरून राजापूरच्या स्टँडवर पोचायला रिक्षा किंवा दुसरी बस आलीच. वहीत तो टप्पाच नव्हता.

आणि अडीचची वेळही त्या दिवसाची नव्हती. कोकण रेल्वेला दोन वेळापत्रकं असतात, एक एरवीचं आणि एक पावसाळ्याचं. तेव्हा पावसाळी वेळापत्रक 10 जून ते 31 ऑक्टोबर लागू असायचं. 2025 साली ते 15 जून ते 20 ऑक्टोबर असं आखूड केलं. दरडी कोसळण्याची, माती घसरण्याची भीती असते म्हणून त्या दिवसांत डोंगरकपारीच्या पट्ट्यात वेग ताशी 75 किलोमीटरच्या आसपास आणतात. जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तर चालकाने 40 वर चालवावं अशी सूचना असते. वेग उतरला की एकेरी मार्गावर गाड्या एकमेकींना ओलांडण्याच्या जागाही बदलतात, म्हणून अमुक मिनिटं सरसकट वाढवून भागत नाही. प्रत्येक गाडीची वेळ वेगळ्या तक्त्यात नव्याने बघावी लागते. त्या सकाळच्या गाडीची पावसाळी वेळ राजापूर रोडला पावणेचारच्या पुढे होती. म्हणजे रेल्वे वक्तशीर आली तरी साडेतीनची बस गेलेली, पाचची बंद, आणि सातची फाट्यावर सोडणारी. जूनच्या पावसात, अंधारात, ट्रंक घेऊन फाटा ते गाव.

वडील म्हणाले, "मंग आपन 8 तारखेलेच निघू, जुन्या टायमानं पोचू." विचार वाईट नव्हता. पण पावसाळी वेळ बदलते ती गाडीच्या मूळ स्टेशनावरून निघण्याच्या तारखेने. रेल्वेच्या सूचनांत त्याला 'जेसीओ' म्हणतात, म्हणजे प्रवास जिथून सुरू होतो तिथली तारीख. दिल्लीकडून 9 तारखेला निघालेली गाडी 10 तारखेला कोकणात शिरली तरी तिची वेळ कोणती हे त्या सूचनेत बघावं लागतं, फलाटावरचं कॅलेंडर बघून उपयोग नाही. मुंबईहून सकाळी निघणाऱ्या गाडीला हा पेच कमी, पण तीन दिवस आधी जाऊन राहायचं कुठे, हा प्रश्न होताच.

मग मी मागून पुढे पुन्हा आखलं. गावात पोचायचं तर सकाळची बस बरी, कारण सकाळच्या दोन बसना कसलीच खूण नव्हती आणि एक चुकली तर दुसरी होती. सकाळी राजापुरात यायचं तर आदल्या रात्रीची गाडी हवी, म्हणजे दादरहून 00.05 ची. तिच्या पावसाळी तक्त्यात राजापूर रोडला पोचण्याची वेळ दुपारच्या पुष्कळ अलीकडे होती. दादरला रात्री अकरापर्यंत पोचायचं तर अकोल्याहून बुधवारी 11 तारखेला सकाळी निघणारी गाडी हवी. अकोल्यात सकाळी येणाऱ्या गाड्यांपैकी एक रोजची होती, एक आठवड्यातून तीनदा येणारी. तीनदा येणारी वेगवान होती आणि दादरला थेट थांबत होती, पण पेन्सिलीची रेघ मारली तर ती अकोल्यात बुधवारी पडतच नव्हती. रोजची घेतली. दुसरं तिकीट 12 तारखेचं काढलं आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बुधवारी रात्रीच'.

मधे साडेपाच तास रिकामे राहत होते. वडिलांना ते फार वाटले. दादरला कशाला बसून राहायचं, उशिराची गाडी नाही का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ते विचारणं रास्त होतं, कारण बदलात किती वेळ सोडायचा हे कुठल्याच तळटीपेत नसतं. ते आकड्यांच्या मधून वाचावं लागतं.

वाचायचं असं. एकाच दोन स्टेशनांमधला वेळ जाताना किती आणि येताना किती हे ताडून बघायचं. मुंबईहून निघालेली गाडी कल्याणला तासाभरात येते. तीच गाडी परतताना कल्याण ते मुंबईला पुष्कळ जास्त वेळ दाखवते. अंतर तेवढंच, सुमारे 54 किलोमीटर. हा जास्तीचा वेळ म्हणजे वाटेत झालेला उशीर भरून काढायला शेवटच्या टप्प्यात ठेवलेली सूट. म्हणून गाडी कल्याणला अर्धा तास उशिरा असली तरी मुंबईला जवळपास वेळेवर टेकते आणि सगळे खूश होतात. पण जो मधेच बदलणार आहे, त्याला ही सूट पुरती मिळत नाही. ती असते गाडीच्या शेवटच्या स्टेशनाच्या तोंडाशी, आणि आपण ठाण्याला किंवा दादरला आधीच उतरतो. रोजची गाडी दूरवरून येत होती. ती अर्ध्या-एक तासाने मागे असणं नेहमीचं होतं, दोन तासही अधूनमधून. दुसरी गाडी दिवसातली शेवटची आणि तिच्यामागे पर्याय नाही. अशा जोडीत मी तीन तासांपेक्षा कमी कधीच सोडत नसे, आणि सोबत लेकीबाळी किंवा म्हातारी माणसं असली तर जास्तच. जवळच्या जवळ धावणाऱ्या दोन गाड्या असतील तर तासाभरात बदल करायला हरकत नाही. तिथे चुकली तर पुढची मिळते.

ती दोघं व्यवस्थित पोचली. अकोल्याची गाडी दादरला तासभर उशिरा आली, इतकंच. त्या मुलीने पुढे दरवर्षी दिवाळीत घरी येताना फोन करायचा आणि आधी सांगायचं की दोन्ही तक्ते बघितले आहेत, कारण दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, आणि पावसाळी वेळापत्रक तिच्या आधी संपतं की नंतर हे दरसाल बदलतं. परतीच्या दिशेला पावसाळ्यात आणखी एक फरक पडतो. गोव्याकडून मुंबईला येणाऱ्या काही गाड्या मूळ स्टेशनावरूनच लवकर निघतात, म्हणजे मधल्या स्टेशनावर गाडी आपल्याला ठाऊक असलेल्या वेळेच्या आधी येऊन निघूनही जाते. उशिरा येणाऱ्या गाडीची सवय असते माणसाला, लवकर गेलेल्या गाडीची नसते.

2019 च्या 1 एप्रिलपासून एक सोय झाली. दोन आरक्षित तिकिटांचे पीएनआर एकमेकांना जोडता येतात, आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवरच्या प्रवाशांचा तपशील सारखा हवा आणि बदलाचं स्टेशन जुळायला हवं. पैसे मिळतात, गाडी मिळत नाही. आणि पुढची एसटी त्या जोडणीत बसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांच्या प्रवासाचा शेवटचा तुकडा नव्वद टक्के वेळा एसटीचाच असायचा, त्यामुळे हिशेब मागूनच करावा लागायचा तो लागायचाच.

मोबाइल आल्यावर वारांचा घोळ बराचसा मिटला. ॲपमध्ये आपलं स्टेशन आणि तारीख घातली की ते आपल्या स्टेशनाच्या तारखेने गाड्या दाखवतं, रेघा मोजायला लागत नाहीत. कोकणातल्या गाडीची पावसाळी वेळही आपोआप लागते. हे मला पटलेलं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ॲपला विचारलं तेवढंच ते सांगतं. वर्धा ते चंद्रपूर विचारलं तर ते वर्ध्याचं उत्तर देतं, आणि जवळच्या दुसऱ्या स्टेशनाची गाडी दाखवली तरी कोड बारीक अक्षरात असतो, तो बघायचा आपण. दोन तिकिटांमधे किती वेळ सोडावा हे ते विचारतच नाही. आणि 'शाळेच्या दिवशीच' ही ओळ अजून स्टँडच्या फलकावरच असते, कित्येकदा हाताने रंगवलेली, कधी खडूने.

दुकान आता भाच्याकडे आहे. अवघड प्रवास आला की तो मला फोन करतो, आणि लोक त्याला स्टँडवरच्या फलकाचा फोटो पाठवतात. फोटोत वरच्या वेळा स्वच्छ दिसतात आणि खालची ओळ बहुतेक वेळा चौकटीबाहेर राहिलेली असते. परवा वणी तालुक्यातल्या एका गावचा असाच फोटो आला. भाच्याने त्या माणसाला परत पाठवून खालचा फोटो मागवला. त्यात लिहिलं होतं, 'बाजाराच्या दिवशी मार्ग बदल'. बाजार कोणत्या वारी भरतो हे अजून विचारायचं आहे, तोवर तिकीट थांबवलं आहे.